दुसरी कॉइल जवळ आणली की बल्ब मंद होतो, बाजूला सरकवली की उजळतो. हे असं उलटं का?

आगरातली बाई

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. तालुका प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी वायरशिवाय वीज पाठवण्याचं मॉडेल केलंय. प्लायवूडच्या १५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन चकत्या, प्रत्येकीच्या कडेवर २२ गेजच्या इनॅमल तारेचे १५ वेढे, आणि प्रत्येक कॉइलला सिरीजमध्ये ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर. तार चिपळूणच्या एका मोटार वाइंडिंगवाल्याकडून आणली. पहिली कॉइल १२ व्होल्टच्या सप्लायवर दोन मॉसफेटच्या हाफ-ब्रिजने चालते. तो सर्किटचा भाग माझ्या भावाने करून दिला. प्रीसेट फिरवला की फ्रिक्वेन्सी साधारण ७० ते १३० किलोहर्ट्झ बदलते. ९२ च्या आसपास सगळ्यात चांगलं चालतं, म्हणून तिथे ठेवली आहे. दुसऱ्या कॉइलला स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब.

गंमत अशी की समोरासमोर ठेवलेल्या कॉइलमध्ये आठ-नऊ सेंटिमीटर अंतर असलं की बल्ब सर्वात तेजस्वी. तिथून दूर नेली की मंद होतो, ते समजतं. पण जवळ आणली तरी मंद होतो! आणि चार सेंटिमीटरवर असताना बाजूला सरकवली तर आधी उजळतो, मग आणखी सरकवल्यावर विझतो. मुलांना मी "जितकं जवळ आणि जितकं समोरासमोर तितकं चांगलं" असं सांगितलं होतं, आणि ते आता माझ्याकडे बघून हसतायत. जोडणीत काही बिघडलंय का? परीक्षक कार्यक्षमता किती ते विचारणारच, तेव्हा काय सांगायचं?

पाचवा सेमिस्टर

ताई, काहीही बिघडलेलं नाही. याला फ्रिक्वेन्सी स्प्लिटिंग म्हणतात. दोन सारख्या ट्यून केलेल्या कॉइल जवळ आल्या की एका रेझोनन्सचे दोन होतात, एक खाली आणि एक वर. तुम्ही ९२ वर, म्हणजे दोन टेकड्यांच्या मधल्या दरीत उभ्या आहात. जवळ आणल्यावर प्रीसेट फिरवून ८१ किंवा ११० च्या जवळ जा, बल्ब परत पेटेल. आमच्या लॅबमध्ये हे स्कोपवर स्वच्छ दिसलं होतं.

सुपारीवाला

फार उपयोगी विषय काढलात. आमच्याकडे श्रीवर्धनला २०२० च्या निसर्ग वादळात खांब आडवे झाले आणि बागेतला पंप किती दिवस बंद होता ते विचारू नका. रस्त्यावरच्या खांबापासून माझं घर साठ-सत्तर फूट. एक मोठी कॉइल खांबावर, एक घराच्या गच्चीवर, असं केलं तर तारांची कटकट मिटेल काय? खर्च किती येईल?

निवृत्त वाइंडर

ताई, आधी दोन गोष्टी करा, मग बोलू. एक म्हणजे बल्ब काढा. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या एक-दशांशाच्या घरात असतो, त्यामुळे बल्ब मंद झाला की तुमचा भारही बदलतो आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. त्याऐवजी १५० ओहमचे दोन-दोन वॅटचे दहा रेझिस्टर समांतर जोडून १५ ओहम करा. सिमेंटचा जाड वायरवाउंड वापरू नका. तोही एक छोटी कॉइलच असतो आणि ट्यूनिंग हलवतो. दुसरं म्हणजे, प्रत्येक अंतरावर सप्लायच्या अ‍ॅमीटरवर किती करंट दिसतो तो लिहून काढा. दुसरी कॉइल अगदी बाजूला काढून ठेवल्यावरचाही. तो आकडा सर्वात महत्त्वाचा.

आणि भारावरचा व्होल्टेज साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मोजू नका. ते मीटर पन्नास हर्ट्झसाठी बनवलेले असतात, ९२ किलोहर्ट्झवर मनाला येईल तो आकडा दाखवतात. स्कोप मिळाला तर उत्तम.

सुपारीवाले, तुमचं गणित नंतर करून देतो. उत्तर आवडणार नाही.

आगरातली बाई

भावाच्या ओळखीने एका कॉलेजातला स्कोप वापरायला मिळाला. १२ व्होल्ट, ९२ किलोहर्ट्झ, १५ ओहम भार:

पावणेचार सेंटिमीटर: सप्लायचा करंट ०.२९ अँपिअर, भारावर ६.५ व्होल्ट
साडेआठ ते नऊ: १.२ अँपिअर, १०.१ व्होल्ट
पंधरा: २.२ अँपिअर, ६.३ व्होल्ट
दुसरी कॉइल काढल्यावर: २.४ अँपिअर

व्होल्टेज आरएमएस आहेत. शेवटची ओळ मला चुकीची वाटली म्हणून पुन्हा पाहिली, पण तेवढीच येते. भारच नाही आणि करंट सगळ्यात जास्त?

निवृत्त वाइंडर

शेवटची ओळ बरोबर आहे, आणि सगळी गोष्ट तिच्यातच आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीकडे एकत्र बघा. भारावरचा व्होल्टेज जवळजवळ सारखा, म्हणजे दोन्हीकडे पावणेतीन वॅटच्या आसपास. बल्ब असता तर दोन्ही ठिकाणी सारखाच मंद दिसला असता. पण सप्लायमधून किती गेले? जवळ असताना साडेतीन वॅट, पंधरा सेंटिमीटरवर सव्वीस वॅट. म्हणजे जवळची कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांच्या वर आणि दूरची जेमतेम दहा. आणि तुमच्या "सर्वात तेजस्वी" जागी साडेचौदा वॅटमधले पावणेसात पोचतात, म्हणजे निम्म्यालाही थोडे कमी. बल्बचा उजेड पोचलेली शक्ती दाखवतो, कार्यक्षमता दाखवत नाही. मुलांना तुम्ही सांगितलेलं कार्यक्षमतेसाठी खरंच आहे.

आता कारण. दुसरी कॉइल आणि तिचा भार हे पहिल्या कॉइलला एका जास्तीच्या रोधासारखे जाणवतात. कॉइल जितकी जवळ, तितका हा रोध मोठा. पहिल्या बाजूचा स्वतःचा रोध किती, ते तुमच्या शेवटच्या ओळीतून निघतं. १२ व्होल्टच्या हाफ-ब्रिजच्या चौकोनी लहरीतला मूळ फ्रिक्वेन्सीचा भाग साधारण ५.४ व्होल्ट आरएमएस. २.४ अँपिअर गुणिले १२ म्हणजे २९ वॅट. ५.४ चा वर्ग भागिले २९ म्हणजे १ ओहम. रेझोनन्सवर कॉइल आणि कपॅसिटर एकमेकांना खोडतात, त्यामुळे सप्लायला फक्त हा एक ओहम दिसतो आणि तो भरपूर करंट देतो. ते २९ वॅट निव्वळ तार आणि मॉसफेट तापवतात.

दुसऱ्या बाजूला भाराचे १५ आणि कॉइलचा सुमारे १, मिळून १६ ओहम. तुमच्या मापांवरून दोन कॉइलमधला म्युच्युअल रिअ‍ॅक्टन्स मी काढला: पावणेचार सेंटिमीटरवर ११ ओहम, पंधरावर १.४. त्याचा वर्ग भागिले १६ हा पहिल्या कॉइलला जाणवणारा रोध:

```
3.75 cm :  11² / 16 = 7.6 Ω
8.5–9 cm:   4² / 16 = 1 Ω
15 cm   : 1.4² / 16 = 0.12 Ω
```

स्वतःचा एक ओहम आणि दुसरीचा ७.६, तर शक्तीचे साडेआठातले साडेसात भाग पलीकडे जातात. पण एकूण रोध वाढल्यामुळे सप्लायमधून मुळात करंटच कमी येतो. थोड्यातला मोठा वाटा. पंधरावर उलट, भरपूर करंट आणि त्यातला क्षुल्लक वाटा. मध्ये जिथे दोन्ही रोध सारखे होतात, तिथे पोचणारी शक्ती सर्वाधिक आणि वाटणी बरोबर निम्मी. तुमचं आठ-नऊ सेंटिमीटर हेच.

बाजूला सरकवल्यावर उजळण्याचं कारणही हेच आहे. चार सेंटिमीटरवर कपलिंग गरजेपेक्षा जास्त आहे. सरकवलीत की ते कमी होत त्या मधल्या जागी येतं, मग पुढे घटतं.

पाचवा सेमिस्टर

काका, ७.६ वगैरे ठीक, पण स्प्लिटिंग होतंच ना? ०.३ कपलिंगला ८१ आणि ११० ही गणिताने येणारी उत्तरं आहेत.

निवृत्त वाइंडर

येतात, पण दुसरी कॉइल मोकळी वाजत असली तर. १६ ओहममध्ये तिचा क्यू, म्हणजे घुमत राहण्याची क्षमता, जेमतेम २.३ राहतो. घंटेला हात लावून धरल्यावर ती कितीशी वाजणार? ताई, चार सेंटिमीटरवर ठेवून प्रीसेट हळूहळू फिरवा, आधी १५ ओहमवर आणि मग दीड ओहमवर, म्हणजे १५ चे दहा समांतर. दुसऱ्या वेळी सप्लाय ६ व्होल्टवर आणा.

आगरातली बाई

केलं. १५ ओहमवर एकच रुंद टेकडी येते, वरून चपटी. प्रीसेट फिरवून फार काही मिळत नाही. दीड ओहमवर मात्र स्पष्ट दोन शेंडे, एक ८० च्या थोडा वर आणि दुसरा ११० च्या जवळ, आणि ९२ वर खोल खड्डा. मुलांना हे सगळ्यात आवडलं.

पाचवा सेमिस्टर

म्हणजे मी बरोबर, फक्त ताईंच्या बल्बसाठी नाही :)

मालवणी तांडेल

माका एक इचारूचा आसा. आमच्या होडीवर बॅटरी चार्जिंगची सॉकेटा दर मोसमात खाऱ्यान कुजतत. पिना हिरव्यो पडतत, मग ठिणगी. अशी कॉइल प्लास्टिकच्या डब्यात सीलबंद करून लावली तर पिनच नको. पण मधे खारा पाणी इला तर ता वीज खाता काय? खारा पाणी वीज वाहून नेता म्हणतत.

निवृत्त वाइंडर

तांडेल, इथल्या सगळ्या प्रश्नांत कामाचा प्रश्न तुमचा. खारं पाणी वीज वाहतं, पण तांब्याच्या तुलनेत ते अगदीच गरीब. शंभरएक किलोहर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र समुद्राच्या पाण्यात पाऊण मीटरच्या आसपास गेल्यावर मग निम्म्याच्या खाली येतं. तुमच्या दोन डब्यांमध्ये दोन-तीन सेंटिमीटर पाणी असलं तर फरक मोजायलाही कष्ट पडतील. हेच सहा-सात मेगाहर्ट्झवर केलंत तर ते अंतर आठ-नऊ सेंटिमीटरवर येतं, मग पाणी खरोखर वीज खायला लागतं. म्हणून फ्रिक्वेन्सी खालचीच ठेवा.

तुमची खरी अडचण पाणी नसून होडी हलते ही आहे. डबा खाचेत घट्ट बसेल असा करा. शिवाय मागे स्टीलचा पत्रा नको. तो पाण्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त खाईल.

चिरेबंदी

यावरून आठवलं. ताईंची शाळा जांभ्याची असणार, आणि जांभ्यात लोह भरपूर. मग कॉइल चिऱ्याच्या कट्ट्यावर ठेवली तर वीज चिऱ्यात जिरत नाही का? माझ्या मते अर्धं नुकसान तिथेच असेल.

आगरातली बाई

बघितलं, कट्टा हाताशीच आहे. दुसरी कॉइल काढून, सप्लाय ६ व्होल्टवर ठेवून, पहिली आधी लाकडी बाकावर आणि मग चिऱ्यावर ठेवली. करंट १.२ चा १.२ च. मग ऑफिसमधल्या लोखंडी टेबलावर ठेवली तर लगेच निम्म्याच्या खाली आला. करंट कमी म्हणजे नुकसान कमी, असं नाही ना?

निवृत्त वाइंडर

नाही. इथे उलटं आहे. पत्र्यात भोवरा-प्रवाह तयार होतात. ते पहिल्या कॉइलला भारासारखे जाणवतात आणि ट्यूनिंगही हलवतात, म्हणून करंट पडतो. दुसऱ्या कॉइलने करंट कमी केला होता आणि शक्ती भाराला दिली होती. पत्रा करंट कमी करतो आणि शक्ती स्वतःच गिळतो. अ‍ॅमीटरवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक हात लावून कळतो, पत्रा कोमट होतो. चिऱ्यातलं लोह गंजाच्या रूपात आहे. त्यातून प्रवाह फिरत नाही आणि चुंबकत्वही नावापुरतं. चिरेबंदी, तुमचा कट्टा निर्दोष.

हात लावण्यावरून, मुलांना एक बजावून ठेवा. सप्लाय १२ व्होल्टचा असला तरी दुसरी कॉइल नसताना कपॅसिटरवर दोनशे व्होल्ट आरएमएसच्या आसपास उभे राहतात. कॉइलमधला सुमारे साडेपाच अँपिअर करंट गुणिले कपॅसिटरचा ३६ ओहम रिअ‍ॅक्टन्स. ती टोकं उघडी ठेवू नका. कपॅसिटर ६३० व्होल्टचा पॉलिप्रोपिलीन घ्या, शक्यतो एका मोठ्याऐवजी चार-पाच छोटे समांतर, म्हणजे करंट वाटला जातो. सिरॅमिकची साधी चकती असेल तर ती तापेल आणि तापली की किंमत बदलून ट्यूनिंग सरकेल.

सुपारीवाला

माझं गणित राहिलं.

निवृत्त वाइंडर

राहिलं नाही, टाळत होतो. कॉइल तिच्या व्यासाच्या मानाने लांब गेली की कपलिंग अंतराच्या घनाने पडतं. अंतर दुप्पट, कपलिंग एक-अष्टमांश. ताईंच्या याच कॉइल एक मीटरवर नेल्या तर भार कितीही जुळवून घेतला तरी दर लाख भागांत दोनच भाग पोचतील. २००७ साली एमआयटीच्या लोकांनी दोन मीटरवर साठ वॅटचा बल्ब पेटवला होता, सुमारे चाळीस टक्के कार्यक्षमतेने. पण त्यांच्या कॉइल साठ सेंटिमीटर व्यासाच्या, फ्रिक्वेन्सी दहा मेगाहर्ट्झच्या आसपास आणि क्यू हजाराच्या घरात. ताईंचा चाळीसही नाही. साठ-सत्तर फुटांसाठी तुम्हाला गच्चीपेक्षा मोठी कॉइल लागेल. तार जमिनीखालून घ्या.

सुपारीवाला

म्हणजे पुन्हा खड्डे खणा. बरं.

आगरातली बाई

काका, एक शंका. पहिल्या बाजूचा एक ओहम तुम्ही काढलात. पण कॉइलमधून एक अँपिअर डीसी सोडून पाहिला तर तिच्यावर ०.३ व्होल्टच पडतात. म्हणजे ०.३ ओहम. बाकीचा ०.७ कुठून आला? परीक्षकांनी नुकसान कुठे होतं विचारलं तर तेच सांगायचं आहे.

निवृत्त वाइंडर

उत्तम माप घेतलंत. या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या वरच्या सुमारे ०.२ मिलिमीटरच्या थरात वाहतो. तुमची तार ०.७ मिलिमीटरची आहे, म्हणजे आतला गाभा काहीसा रिकामा जातो. पण तेवढ्याने ०.३ चा फार तर ०.३६ होईल. मॉसफेट आणि कपॅसिटर मिळून दशांशाच्या आसपास धरा. उरलेलं मोठं नुकसान शेजारच्या वेढ्यांमुळे. वेढे एकमेकांना चिकटून आहेत, आणि प्रत्येकाचं क्षेत्र शेजारच्या तारेतला करंट एका कडेला ढकलतं. तपासायचं असेल तर एका तारेइतकी फट सोडून पुन्हा गुंडाळा. इंडक्टन्स थोडा उतरेल, रेझोनन्स ९८ च्या आसपास जाईल, प्रीसेट तिथे न्या.

भारासाठी बॅटरी लावणार असाल तर रेक्टिफायरला वन-एन ४००७ नको. तो बंद व्हायला काही मायक्रोसेकंद घेतो आणि तुमची अख्खी लहरच अकरा मायक्रोसेकंदांची आहे. तापत बसेल. यूएफ ४००७ किंवा शॉटकी घ्या.

आगरातली बाई

फट सोडून गुंडाळली. रेझोनन्स ९८-९९ ला मिळाला. ६ व्होल्टवर, दुसरी कॉइल नसताना, आधी १.२ अँपिअर होते, आता १.७. मुलं म्हणतात कॉइल बिघडली, जास्त वीज खाते. मी म्हटलं, ६ व्होल्टवर ५.४ चे निम्मे २.७, त्याचा वर्ग भागिले १०.२ वॅट, म्हणजे ०.७ ओहम, सुधारली! या वेळी हसण्याची पाळी माझी होती.

पाचवा सेमिस्टर

ताई, आता लिट्झ तार करून बघा. ३६ गेजच्या वीस तारा ड्रिल मशीनमध्ये पिळायच्या. आमच्या एका सीनियरने केलं होतं, रोध निम्म्यावर आला म्हणे.

निवृत्त वाइंडर

माझा अनुभव तितका चांगला नाही. नुसत्या पिळलेल्या तारांत काही तारा कायम बाहेर आणि काही कायम आत राहतात, त्यांच्या जागा बदलत नाहीत. कारखान्यात त्या आलटून-पालटून वर येतील अशा विणतात. शिवाय टोकाला वीसही तारांचं इनॅमल नीट निघालं नाही तर दोन-चार तारा नुसत्या बसून राहतात. तुमच्या सीनियरने तारही बदलली आणि वेढ्यांची फटही वाढवली असेल, मग श्रेय कुणाचं?

पाचवा सेमिस्टर

फट बदलली होती का ते माहीत नाही. पण शंभर किलोहर्ट्झला ३६ गेजची तार त्या थराइतकीच बारीक आहे, तेव्हा पिळ कसाही असला तरी निदान शेजारच्या वेढ्यांचं नुकसान कमी व्हायलाच हवं.

निवृत्त वाइंडर

"व्हायलाच हवं" आणि अ‍ॅमीटर यांचं नेहमी पटतंच असं नाही. फट तीच, वेढे तेच, फक्त तार वेगळी, असं कुणी मोजून टाकलं तर मीही शिकेन.

मालवणी तांडेल

माझ्याकडे जाळ्याचो दोर वळूची फिरकी आसा. वीस तारा आलटून-पालटून वळून देतंय. बाई, तार खयची आणि किती मीटर ता सांगा.

आगरातली बाई

पंधरा वेढ्यांना सव्वासात मीटर लागते, टोकांसकट आठ धरा. ३६ गेजची इनॅमल. वाइंडिंगवाल्याकडे आहे का विचारते आणि इथे कळवते.